कॉलेजचं नाव झाकून अर्ज वाचा

छोट्या कंपन्यांच्या संस्थापकांमध्ये एक युक्तिवाद इतका रुळला आहे की तो आता कुणी तपासून पाहत नाही. कंपनीत बारा-चौदा माणसं असतात. संस्थापकाला ‘फाउंडर्स ऑफिस’साठी एक हरहुन्नरी माणूस हवा असतो, जो हिशोबापासून गिऱ्हाइकाच्या तक्रारीपर्यंत पडेल ते काम उचलेल. जाहिरात टाकली की चार दिवसांत चारशे अर्ज येतात. मग संस्थापक म्हणतो, एवढं वाचायला वेळ नाही आणि चुकीचा माणूस परवडणार नाही. तेव्हा आयआयटी, आयआयएम किंवा एखाद्या बड्या सल्लागार कंपनीचं नाव असलेले पंचवीस अर्ज बाजूला काढा, बाकीचे बंद करा. यात घमेंड नाही, निव्वळ व्यवहार आहे, असं तो मनापासून मानतो. चाळणी दुसऱ्या कुणीतरी लावून ठेवली आहे आणि ती फुकट मिळते आहे, मग वापरायची का नाही?

मला हा युक्तिवाद मान्य नाही. त्यात अन्याय आहेच, त्याकडे मी येईन. पण पहिला आक्षेप व्यवहाराचाच आहे: ही चाळणी दुसऱ्या धान्यासाठी विणलेली आहे.

आधी काम काय आहे ते पाहू, कारण नावाच्या बाजूने बोलणारे कामाबद्दल फार कमी बोलतात. समजा, पुण्यातली चौदा जणांची एक कंपनी आहे. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून भाजी उचलायची, निवडायची आणि सकाळी सातच्या आत हॉटेलं, कँटीन आणि होस्टेलच्या मेसला पोचवायची, हा तिचा धंदा. फाउंडर्स ऑफिसमधल्या माणसाच्या पुढ्यात सोमवारी काय येतं? हिंजवडीच्या एका कँटीननं गेल्या महिन्याच्या बिलातून १८ हजार रुपये कापून घेतलेत, कारण त्यांच्या मते तीन वेळा टोमॅटो कमी आला. डिलिव्हरी चलनांवर त्यांच्याच माणसाची सही आहे, पण दोन चलनांवर वजन खोडून पुन्हा लिहिलंय. मंगळवारी दोन ड्रायव्हर एकदम गावी जातात. बुधवारी गुंतवणूकदाराला महिन्याचा अहवाल हवा असतो आणि टॅलीतला विक्रीचा आकडा गोदामाच्या शीटमधल्या आकड्याशी जुळत नाही. गुरुवारी लक्षात येतं की नव्या गोदामासाठी एफएसएसएआयचा परवाना काढायचाच राहिलाय.

यात कुठेही अवघड गणित नाही. अवघड हे आहे की १८ हजारांचा प्रश्न नेमका कुणाचा, हे कुणी ठरवून दिलेलं नाही. विक्रीवाल्याचा, हिशोबवाल्याचा की पहाटे वजन करणाऱ्याचा? ज्याला आपण नेमणार, त्याने महिन्याची चलनं काढून बसायचं, कँटीनच्या मॅनेजरला जाऊन भेटायचं, एकदा पहाटे काट्यापाशी उभं राहून वजन कुठे बदलतं ते डोळ्यांनी पाहायचं आणि आठवड्याच्या आत असं काहीतरी बसवायचं की पुढच्या महिन्यात हा वाद उभाच राहणार नाही. आवाका, वेग आणि जबाबदारी हे तीन शब्द प्रत्येक जाहिरातीत असतात. प्रत्यक्षात ते असे दिसतात.

आता नामांकित संस्थेचं नाव काय मोजतं ते पाहा. जेईई मेनला दरवर्षी दहा लाखांहून जास्त मुलं बसतात आणि आयआयटीत जागा असतात सतरा-अठरा हजार. त्यातून वर येणाऱ्यांची बुद्धी आणि मेहनत मी कमी लेखत नाही. पण परीक्षेचं स्वरूप लक्षात घ्या. अभ्यासक्रम जाहीर असतो, प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो, त्याला उत्तर आहे याची खात्री असते, तो एकट्याने आणि ठरलेल्या वेळात सोडवायचा असतो आणि उत्तर बरोबर आलं की काम संपतं. सोमवारच्या कामात यातली एकही अट नाही. तिथे प्रश्न स्वतः शोधावा लागतो, उत्तर इतरांकडून वदवून घ्यावं लागतं आणि उत्तर सापडल्यावर खरं काम सुरू होतं. सतराव्या-अठराव्या वर्षी पहिल्या प्रकारात चमकलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी दुसऱ्या प्रकारातही चमकू शकतो. पण पहिलं दुसऱ्याचा पुरावा कसा होतो, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. ‘दहावी, बारावी, पदवी, तिन्हीत साठ टक्के’ ही अट तर याहून निरर्थक. कॅम्पसवर हजारोंनी भरती करणाऱ्या कंपन्यांना गर्दी आवरायला ती सोयीची वाटते. चौदा जणांच्या कंपनीने ती उसनी घेण्याचं काहीच कारण नाही.

यावर उत्तर येतं की कॉलेज सोडा, मोठ्या कंपनीत तीन वर्षं टिकलेला माणूस तर कामातच तपासून निघालेला असतो ना? हा आक्षेप जास्त वजनदार आहे, म्हणून त्यावर थांबतो.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या बोरिस ग्रॉयसबर्ग यांनी वॉल स्ट्रीटवरच्या नावाजलेल्या शेअर विश्लेषकांचा मोठा अभ्यास केला. १९८८ ते १९९६ या काळातले एक हजाराहून जास्त विश्लेषक, सगळे आपापल्या क्षेत्रातले तारे. प्रश्न साधा होता: हा तारा एक कंपनी सोडून दुसरीत गेला तर त्याचं काम तसंच राहतं का? आढळलं असं की बऱ्याच जणांचं काम कंपनी बदलताच घसरलं आणि ती घसरण काही महिन्यांत भरून निघाली नाही. ज्या कंपनीत पाठबळ कमी तिथे जाणाऱ्यांना जास्त फटका बसला. म्हणजे ज्याला सगळे त्या माणसाचं कर्तृत्व समजत होते त्यातला बराच भाग जुन्या कंपनीतल्या सहकाऱ्यांचा, माहितीच्या साठ्याचा आणि बसलेल्या घडीचा होता. विश्लेषकाचं काम तर एकट्याचं मानलं जातं. ज्याच्या मागे स्वतंत्र हिशोब विभाग, खरेदी विभाग, आयटी मदतकक्ष आणि कायदेशीर सल्लागार उभे होते, त्याच्या रेझ्युमेवरच्या यशात त्याचा वाटा किती आणि त्या विभागांचा किती, हे नुसत्या कंपनीच्या नावावरून कसं कळणार? छोट्या कंपनीत तो येईल तेव्हा त्याच्या मागे यातलं कुणी नसेल.

मग वाचायचं काय? दोन अर्ज घेऊ. दोन्ही मी रचलेले आहेत, पण अशा ओळी रोज वाचायला मिळतात.

पहिला अर्जदार नामांकित संस्थेतला इंजिनिअर, त्यावर नामांकित एमबीए, मग तीन वर्षं बड्या सल्लागार कंपनीत. रेझ्युमे एक पानी, देखणा. त्यातली मुख्य ओळ: ‘आघाडीच्या रिटेल कंपनीच्या पुरवठा साखळीचा आढावा घेऊन बारा कोटींच्या बचतीच्या संधी निश्चित केल्या.’ दुसरी: ‘सहा विभागांशी समन्वय साधून वरिष्ठ नेतृत्वापुढे आराखडा मांडला.’

दुसरी अर्जदार बार्शीहून बी.कॉम., ५८ टक्के. दीड वर्ष कुरिअरच्या डेपोत, मग सव्वादोन वर्षं घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या पाच जणांच्या कंपनीत. इंग्रजी अडखळतं, दोन ठिकाणी स्पेलिंग चुकलंय. पण तिने असं लिहिलंय: ‘रोज साधारण १४० नमुने यायचे, नोंद वहीत व्हायची. नमुना हरवला तर कळायला दोन दिवस लागायचे. जूनमध्ये लागले, ऑगस्टपासून ट्यूबवर बारकोडचं स्टिकर आणि मोबाइलवर स्कॅन सुरू केलं. हरवणारे नमुने महिन्याला ९-१० वरून १-२ वर आले. उरलेले बहुतेक रविवारचे, कारण रविवारी बदली मुलगा असतो.’ पुढे: ‘रिपोर्टला उशीर झाल्याच्या तक्रारी मीच घ्यायचे. तीन महिन्यांच्या तक्रारी मांडल्यावर दिसलं की साडेपाचनंतर लॅबला पोचलेले नमुने दुसऱ्या दिवशीच्या बॅचमध्ये जातात. संध्याकाळची फेरी साडेचारला केली.’ आणि शेवटी: ‘सोडताना दोन मुलींना शिकवून आले, शीट अजून चालू आहे.’

नावाच्या चाळणीत दुसरा अर्ज पहिल्या दहा सेकंदांत बाद होतो. आता ओळी नीट वाचू. पहिल्या अर्जातलं क्रियापद आहे ‘निश्चित केल्या’. बचत झाली का, हे वाक्य सांगत नाही. सल्लागाराचं काम बहुतेकदा शिफारशीपाशी संपतं, त्यामुळे कदाचित त्यालाही ते माहीत नसेल. बारा कोटी कशातले, शंभर कोटींतले की दोन हजार कोटींतले, तेही नाही. ‘सहा विभागांशी समन्वय’ हे आवाक्याचं लक्षण वाटतं. पण सहा विभागांच्या बैठकांना हजर राहणं आणि सहा विभागांची कामं करता येणं यांत फार अंतर आहे.

दुसऱ्या अर्जातल्या आकड्यांचा पाया दिलेला आहे. रोज १४० म्हणजे महिन्याला सुमारे ४,२०० नमुने, त्यांतले दहा हरवायचे. शेकड्यात मोजलं तर पाव टक्काही नाही. म्हणजे या मुलीने ‘८० टक्के सुधारणा’ असं भपकेदार लिहिण्याची संधी सोडून मोजता येईल असा छोटा आकडा लिहिलाय, आणि त्या दहांतला प्रत्येक जण म्हणजे पुन्हा सुई टोचून घ्यावी लागणारा रुग्ण, हे तिला ठाऊक असावं. वेग तारखांत दिसतो: जूनमध्ये रुजू, ऑगस्टमध्ये स्कॅनिंग चालू. आवाका दिसतो तो तिने विभागांची यादी दिली म्हणून नाही. हरवलेल्या ट्यूबचा माग काढत ती नमुने घेणाऱ्या मुलांच्या सवयींपर्यंत, तिथून शीटपर्यंत आणि तक्रारींतून लॅबच्या बॅचच्या वेळेपर्यंत पोचली, हा तिचा आवाका. आणि जबाबदारीचा सर्वांत भक्कम पुरावा तिच्या अपयशाच्या ओळीत आहे. रविवारचे नमुने अजून हरवतात, हे ज्याने प्रश्न आपला मानला त्यालाच माहीत असतं. ज्याने नुसता प्रकल्प पार पाडला, त्याच्या रेझ्युमेवर सगळं यशस्वीच असतं.

आवाक्याबद्दल आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोठ्या कंपन्यांच्या मॅनेजमेंट ट्रेनी योजनेत उमेदवार तीन-तीन महिने विक्री, उत्पादन, वित्त असा फिरवला जातो. रेझ्युमेवर चार विभाग झळकतात. पण ते फिरणं कंपनीने आखलेलं असतं, तारीख आली की माणूस पुढच्या टेबलावर. छोट्या कंपनीला हवा असतो तो माणूस जो कुणी फिरवलेलं नसताना कामाच्या मागे गेला. ओळखायची खूण अशी: एका विभागातलं काम दुसऱ्यात का गेलं, याचं कारण अर्जात दिसतं का? बार्शीच्या मुलीच्या अर्जात ते दिसतं, ट्रेनीच्या यादीत सहसा नसतं.

इथे नावाचा पुरस्कर्ता विचारेल, आणि योग्यच विचारेल: ही मुलगी थापा मारत असेल तर? कॉलेजचं नाव निदान पडताळता येतं. बारकोडची गोष्ट दुसऱ्याच कुणीतरी केली असेल, हिने नुसती पाहिली असेल.

असू शकतं. म्हणूनच रेझ्युमेवर निकाल द्यायचा नसतो, त्यातून प्रश्न काढायचे असतात. पंधरा मिनिटांचा फोन पुरतो. स्टिकर कुठून आणले, एक केवढ्याला पडायचा? पहिल्या आठवड्यात स्कॅन करायला कोण तयार नव्हतं आणि का? थंड डब्यात ठेवल्यावर स्टिकर सुटत नव्हते का? ज्याने काम केलंय त्याला असे प्रश्न विचारले की तो विषय सोडून भरकटू लागतो, कारण त्याला एकाच वेळी दहा गोष्टी आठवतात: अमुक मुलाचा फोन जुना होता, प्रिंटर बिघडायचा, पहिली शीट चुकून कुणीतरी पुसली. ज्याने नुसतं पाहिलंय त्याची उत्तरं नीटनेटकी असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला पुन्हा रेझ्युमेतल्याच वाक्यावर येतात. हेच प्रश्न पहिल्या अर्जदारालाही विचारायचे. बारा कोटींत तुझ्या हातचं काय? तो जर म्हणाला की दोन आठवडे भिवंडीच्या गोदामात उभं राहून मी स्वतः माल मोजला, सिस्टिममधला साठा आणि रॅकवरचा साठा यांत फरक का पडतो ते शोधलं, तर तो माझ्या यादीत वर जाईल, संस्थेच्या नावासकट. नाव असलेल्यांना वगळा असं माझं म्हणणं नाही. नावाला गुण देऊ नका, एवढंच आहे.

वारंवार नोकरी बदलणाऱ्यांबद्दलही असाच सरधोपट नियम लावला जातो: दोन वर्षांच्या आत सोडलं की बाद. छोट्या कंपन्यांत काम केलेल्यांवर हा नियम फार अन्याय करतो, कारण त्यांच्या कंपन्याच बंद पडतात, पगार थकतात, संस्थापक धंदा बदलतो. आठ महिने ही संख्या स्वतः काही बोलत नाही. त्या आठ महिन्यांत काही सुरू होऊन पुरं झालं का, ते पाहायचं. तीन नोकऱ्या, तिन्हींत काम अर्धवट आणि तिन्हींचं कारण ‘वाढीला वाव नव्हता’, ही धोक्याची घंटा आहे. तीन नोकऱ्या आणि प्रत्येक ठिकाणी मागे काहीतरी चालू राहिलेलं, ही नाही. नोंदीतल्या खंडाचंही तसंच. वडिलांच्या आजारपणात वर्षभर गावी राहून दुकान चालवणाऱ्या मुलाने ते वर्ष रेझ्युमेत लपवलेलं असतं, कारण त्याला भीती असते. फोनवर नीट विचारलं तर त्याच वर्षात त्याने उधारी वसूल केलेली असते, पुरवठादाराशी दर ठरवलेले असतात.

जबाबदारी या शब्दाबद्दल मला संस्थापकांना एक कठोर गोष्ट सांगायची आहे. ‘रविवारीही यायचो, रात्री दोनपर्यंत थांबायचो’ अशी ओळ वाचून अनेक जण खूश होतात. जबाबदारीचा हा पुरावा मानू नका. रात्री दोनपर्यंत थांबावं लागणं बहुतेकदा कामाची घडी न बसल्याचं लक्षण असतं. ती घडी बसवून सगळ्यांना सातला घरी पाठवणारा माणूस जास्त जबाबदार. आणि जी कंपनी कमी पगारात जास्त तास राबवून घेण्याला ‘ओनरशिप’ म्हणते, तिच्याकडे खरोखर जबाबदारी घेणारी माणसं टिकत नाहीत, कारण अशा माणसांना निर्णयाचा अधिकार हवा असतो. कँटीनच्या वादात दोन हजारांची सूट द्यायलाही संस्थापकाची परवानगी लागणार असेल, तर त्या जागेसाठी हरहुन्नरी माणूस शोधूच नये.

आता वेळेचा मुद्दा. चारशे अर्ज, प्रत्येकाला दोन मिनिटं, म्हणजे ८०० मिनिटं, सव्वातेरा तासांच्या आसपास. दोघांनी वाटून घेतले तर प्रत्येकी सात तासांपेक्षा कमी. दुसऱ्या पारड्यात चुकीची नेमणूक ठेवा: उमेदवाराचा दोन-तीन महिन्यांचा नोटिस पिरियड, मग चूक ध्यानात यायला तीन महिने, मग पुन्हा शोध. वर्ष निघून जातं. एका वर्षासमोर सात तास नाहीत, हे म्हणणं मला पटत नाही. शिवाय चारशे अर्ज वाचावे लागतातच असं नाही. जाहिरातीतच एक प्रश्न घालावा: ‘कुणाचंच नसलेलं एखादं काम तुम्ही अंगावर घेतलं असेल तर ते काय होतं, तुम्ही काय केलं आणि काय जमलं नाही, ते दीडशे शब्दांत लिहा. मराठी, हिंदी, इंग्रजी, कोणतीही भाषा चालेल.’ एका क्लिकवर शंभर ठिकाणी अर्ज टाकणारे इथेच गळतात. जे उरतात त्यांचे दीडशे शब्द रेझ्युमेच्या आधी वाचायचे. भाषेची मोकळीक महत्त्वाची आहे. बार्शीच्या मुलीला तिचं काम मराठीत सांगता येतं. इंग्रजीत सांगताना ती दुसऱ्याच कुणाचा तरी साचा उसना घेते आणि तिचं सगळं वेगळेपण त्यात पुसलं जातं. त्या जागेला गुंतवणूकदाराला इंग्रजीत पत्र लिहावं लागणार असेल तर ते वेगळं तपासावं. काम करण्याची कुवत इंग्रजीवरून मोजू नये.

आणि वाचताना वरचा भाग झाकावा. नाव, फोटो, आडनाव, गाव, कॉलेज, टक्के. ऑफिसातल्या एकाने प्रती काढून तो भाग काढून टाकायचा, दुसऱ्या दोघांनी एकमेकांशी न बोलता गुण द्यायचे. हा सोपस्कार का हवा, याचं उत्तर मी वर पुढे ढकललेल्या अन्यायात आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत, काही नावं उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम वाटावीत अशी. तीच पदवी, तोच अनुभव, तरी उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढची फेरी गाठण्याची शक्यता कमी आणि मुस्लिम नावाला आणखी कमी निघाली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खासगी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असं सांगणारे हे लोक उमेदवाराच्या ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’लाही आवर्जून महत्त्व देत होते.

नामांकित संस्थेचं नाव हे याच पार्श्वभूमीचं आणखी एक रूप झालं आहे. राजस्थानात कोट्याला मुलाला दोन वर्षं ठेवू शकणारं घर, इंग्रजी माध्यमाची शाळा, पदवीनंतर लगेच कमवायची सक्ती नसणं, हे सगळं त्या एका ओळीत दडलेलं असतं. आरक्षणामुळे आणि शिष्यवृत्त्यांमुळे या संस्थांची दारं काही प्रमाणात उघडली, हे खरं आहे आणि मोलाचं आहे. पण ज्यांना दार गाठताच आलं नाही त्यांची कुवत त्या दाराशी मोजली जाऊ नये. घरची परिस्थिती बेतास बात असताना विसाव्या वर्षापासून काम करणारा पहिल्या पाच वर्षांत जे शिकतो, तेच या जागेला लागतं. नेमका तोच भाग ही चाळणी फेकून देते.

झाकून वाचल्यावर ज्यांचे गुण वर येतील अशा सहा-सात जणांना काम करून दाखवायला द्यावं. भाजीच्या कंपनीसाठी मी हे देईन: महिन्याभराची साठ चलनं, त्याच काळातली बिलं आणि कँटीननं भरलेल्या रकमा, सगळं गिऱ्हाइकाचं नाव बदलून. तीन तास. प्रश्न दोनच. काय जुळत नाही आणि उद्या सकाळी तुम्ही कुठे जाल? या तीन तासांचे पैसे द्यायचे, कारण निवड न होणाऱ्यांचाही वेळ गेलेला असतो. पहिल्या प्रश्नावरून आकड्यांशी झटापट करता येते का ते दिसतं. दुसऱ्यावरून जास्त कळतं. ‘सिस्टिम बदलायला हवी’ असं लिहिणारे बरेच भेटतात. ‘खोडलेली दोन्ही चलनं एकाच ड्रायव्हरच्या फेरीतली आहेत, मी त्या फेरीबरोबर जाईन’ असं लिहिणारा एखादाच.

अशा नमुना कामावर विश्वास ठेवायला संशोधनाचाही आधार आहे, पण तो ताणू नये. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात नमुना कामाचा पुढच्या कामगिरीशी संबंध ०.५४ निघाला, शिक्षणाच्या वर्षांचा ०.१०. पूर्ण जुळणी म्हणजे १. पुढे २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या हिशोबातल्या त्रुटी दाखवून बहुतेक पद्धतींचे आकडे खाली आणले. नमुना काम ०.३३ च्या आसपास आलं आणि सगळ्यांना तेच प्रश्न, तेच निकष अशी आखीव मुलाखत ०.४२ वर पहिली आली. १९९८ च्या त्या ०.१० मध्ये शिक्षणाची वर्षं मोजली होती, कॉलेजची प्रतिष्ठा नाही, हेही सांगायला हवं. कोणतीच पद्धत भविष्य सांगत नाही. पण ज्या पद्धतीत उमेदवाराला काम करताना पाहता येतं किंवा सगळ्यांना एकाच मापाने तोलता येतं, ती संस्थापकाच्या मनातल्या ‘चांगल्या कॉलेजचा आहे’ या भावनेपेक्षा भरवशाची आहे.

जिथे कायदा पदवी मागतो तिथे वाद नाही. लेखापरीक्षणावर सही सीए करेल, इमारतीच्या आराखड्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअर. मी बोलतोय ती जागा तशी नाही.

उरतो तो मुद्दा जो फार कमी जण उघड बोलतात: गुंतवणूकदारासमोरच्या सादरीकरणात टीमची जी स्लाइड असते, तिच्यावर मोठी नावं लागतात. हे खरं आहे. काही गुंतवणूकदार ती स्लाइड पाहतात आणि संस्थापकावर दबाव येतो. पण मग निदान स्वतःशी स्पष्ट असावं की ही नेमणूक स्लाइडसाठी आहे, सोमवारच्या चलनांसाठी नाही. स्लाइडसाठी सल्लागार मंडळात एखादं नाव घ्या. पूर्ण पगारावर बसणाऱ्या एकुलत्या एका हरहुन्नरी माणसाची जागा त्यावर खर्च करू नका. चौदा जणांच्या कंपनीत ती जागा पुन्हा सहा महिने भरता येणार नाही.

इतकं सांगूनही ज्यांना नावावर भरवसा वाटतो त्यांनी तो तपासून पाहावा. गुणांच्या तक्त्यात झाकलेल्या भागासाठी एक वेगळा रकाना ठेवावा, त्यात नेमणूक झाल्यानंतर कॉलेज आणि जुन्या कंपनीला आपण मनात किती गुण दिले असते ते लिहावं आणि तो तक्ता जपून ठेवावा. सहा महिन्यांनी तीन गोष्टी नोंदवाव्यात: या माणसाने न सांगता उचललेली कामं किती, त्यातली पुरी किती झाली आणि तो चार दिवस रजेवर गेला तेव्हा त्याने बसवलेलं काय चालू राहिलं. पाच-सहा नेमणुकांतून शास्त्र सिद्ध होत नाही. पण नावाच्या रकान्यातले गुण आणि सहा महिन्यांनंतरची ही नोंद यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे त्या तक्त्यावर आपल्याच कंपनीच्या आकड्यांत दिसू लागतं, आणि पुढची जाहिरात लिहिताना तो तक्ता समोर असतो.